अडतीस आणि अठ्ठ्याऐंशी

चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लॅब होती आणि तिथे एक काकू एकतीस वर्षं लोकांचं रक्त काढत होत्या. नाव सगळ्यांना माहीत होतं, पण वापरात नव्हतं. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर, रिपोर्टांवर सही करायला दुपारी येणाऱ्या डॉक्टरीणबाई, खालचा चष्मेवाला, सगळे त्यांना लॅबवाल्या काकूच म्हणायचे. त्यांचा नवरा शिंपी होता. गिऱ्हाईक फोनवर पत्ता विचारायचं तेव्हा तोही सांगायचा, "लॅबवाल्या काकूंचं घर विचारा, कुणीही दाखवेल." चाळीस वर्षं शिवणकाम करून स्वतःचं नाव बायकोच्या हाताखाली गेलं याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. वाटत असेल तर त्याने ते कधी उसवून दाखवलं नाही.

काकूंचा हात हलका होता. तोंड मात्र तितकंसं हलकं नव्हतं. सकाळी सात वाजता लोक उपाशीपोटी येऊन बाकावर बसायचे. काकू एकेकाला आत घ्यायच्या, दंडाला पट्टा बांधायच्या आणि सुई टोचायच्या आधी विचारायच्या, "काय खाल्लंय?" माणूस म्हणायचा, काही नाही. काकू त्याच्याकडे बघत राहायच्या. मग माणूस म्हणायचा, फक्त चहा. आणखी थोडं बघितलं की चहाबरोबरची बिस्किटं बाहेर पडायची. या बाबतीत काकूंचं मत एकतीस वर्षांत पक्कं झालं होतं. माणूस खोटं बोलतो, नळी बोलत नाही. रक्त मशीनमध्ये गरगर फिरवून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं झालं की त्या प्रत्येक नळी खिडकीशी धरून बघायच्या. सीरम स्वच्छ असलं तर ठीक. गढूळ किंवा दुधट असलं तर रक्तात चरबी जास्त आहे, किंवा माणूस उपाशी आलेला नाही. मशीनचा आकडा यायच्या आधीच त्यांना अंदाज आलेला असायचा.

हे मत त्यांच्या फार अंगवळणी पडलं होतं. म्हणूनच वेल्डर आणि त्याची बायको लॅबमध्ये येऊन उभे राहिले, तेव्हा काकू पहिल्या मिनिटाला मनातून बायकोच्या बाजूला गेल्या होत्या.

वेल्डर पन्नाशीतला, रुंद खांद्यांचा आणि कमी बोलणारा होता. नऊ वर्षं परदेशात जहाजं बांधायच्या कारखान्यात काम करून चार महिन्यांपूर्वी कायमचा घरी आला होता. निघताना तिथल्या कंपनीने त्याची तपासणी केली आणि कागद हातात दिला. तो कागद घेऊन बायकोने त्याला समोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दवाखान्याच्या कार्डावर उतरवलेले आकडे बघितले आणि सांगितलं की ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तीनशे छप्पन्न आहे, दीडशेच्या आत हवं. दारू बंद, गोड बंद, तळलेलं बंद, रोज चालायचं, ही एक गोळी घ्यायची आणि तीन महिन्यांनी परत रक्त तपासायचं.

नऊ वर्षं एकटं राहिलेल्या माणसाला घरी आल्यावर कुणीतरी 'हे खाऊ नको' म्हणणारं आहे, याचंच सुरुवातीला बरं वाटलं असावं. त्याने सगळं केलं. दारू सोडली. चहातली साखर सोडली. सकाळी पाच किलोमीटर चालायला लागला. पँट ढिली झाली, पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. तीन महिन्यांनी बारा तास उपाशी राहून त्याने काकूंकडे रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड तीनशे अठ्ठ्याऐंशी.

डॉक्टरांनी कार्डावरचे दोन आकडे शेजारी शेजारी बघितले आणि चष्मा काढला. आधी तीनशे छप्पन्न, आता तीनशे अठ्ठ्याऐंशी. गोळी चालू असून आकडा वाढला होता. ते चांगले डॉक्टर होते, पण त्या दिवशी बाहेर पंधरा माणसं बसली होती. त्यांनी वेल्डरला सरळ विचारलं की पिणं खरंच बंद आहे का. वेल्डर हो म्हणाला. डॉक्टरांनी फक्त एकदा बायकोकडे बघितलं. ते बघणं त्या घरात पुढे सगळी रात्र राहिलं. बायकोने कपाटं हुडकली, गॅलरीतली जुनी पेटी हुडकली, त्याच्या कामाच्या पिशवीतली पाण्याची बाटली उघडून वास घेतला. काही सापडलं नाही. त्यामुळे तिचा संशय गेला नाही, उलट वाढला, कारण आता तिला वाटायला लागलं की तो बाहेर पितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं लॅबमध्ये आले. वेल्डरने रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणाला की मशीन चुकलंय, परत तपासा.

काकूंनी हे वाक्य आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल याचा हिशोब नाही. साखर वाढली की मशीन चुकतं, कमी झाली की औषध लागू पडतं. त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं की मशीन रोज सकाळी तपासलं जातं, ज्याचा आकडा आधीपासून माहीत आहे असा कंट्रोलचा नमुना लावून बघितल्याशिवाय लोकांचं रक्त लावत नाहीत.

"मग मीच चुकलो असेन," वेल्डर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तीन महिने मी काही घेतलेलं नाही. तरी वाढलं. म्हणजे घेतलं काय, नाही घेतलं काय, सारखंच. आजपासून मी गोळीपण बंद करतो. उगाच कशाला घरात रोज चोर म्हणून जेवायला बसायचं."

बायको भिंतीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांखाली रात्रभर न झोपल्याची काळी रेघ होती.

काकूंनी पुढे कितीतरी वेळा सांगितलं की आपण त्या क्षणी काही फार हुशारी केली नाही. फक्त एवढंच झालं की ओरडणारी माणसं त्यांनी पुष्कळ बघितली होती. हा माणूस ओरडत नव्हता. तो हरल्यासारखा बोलत होता. खोटं बोलणारा माणूस बहुधा भांडतो, हार मानत नाही. त्यांनी फ्रीज उघडला. प्रत्येक नमुना तीन दिवस ठेवायची पद्धत होती. वेल्डरची नळी काढली, नमुना खोलीच्या तापमानाला येऊ दिला, नीट ढवळला, कंट्रोलसकट परत मशीनवर लावला आणि दोघांना बाकावर बसायला सांगितलं.

वीस मिनिटांनी आकडा आला, तीनशे शहाऐंशी. कंट्रोल बरोबर होता. दोन-चारचा फरक कुठल्याही मशीनला चालतो. म्हणजे कालचा आकडा खरा होता.

काकूंना इथे थांबता आलं असतं. त्यांचं काम झालं होतं. पण नळी खिडकीशी धरल्यावर त्यांना दिसलं की सीरम किंचित गढूळ आहे, फारसं नाही. आणि त्यांनी सहज विचारलं की आधीचा रिपोर्ट कुठल्या लॅबचा. बायकोने काल दवाखान्यातून मागून आणलेली फाइल पिशवीतून काढून दिली. वर दवाखान्याचं कार्ड, खाली परदेशातला मूळ कागद पिनने लावलेला.

तो कागद काकूंनी बराच वेळ वाचला. तिथले आकडे छोटे छोटे होते. एकूण कोलेस्टेरॉल ६.९. एचडीएल, म्हणजे ज्याला लोक चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ०.८. ट्रायग्लिसराइड ९.२. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, त्याच्या जागी आकडाच नव्हता, नुसती आडवी रेघ आणि चांदणी. खाली बारीक अक्षरांत चांदणीचा खुलासा होता. ट्रायग्लिसराइड ४.५ च्या वर असल्यामुळे एलडीएल काढलेलं नाही. आणि शेवटी एक शेरा होता, नमुना दुधासारखा.

परदेशातल्या त्या लॅबमध्ये रक्तातल्या गोष्टी मिलिमोल प्रति लिटरमध्ये सांगत होते. काकूंच्या लॅबमध्ये मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. काकूंना ते माहीत होतं. म्हणून कार्डावर समोरच्या दवाखान्यातल्या सिस्टरने बाहेरचे आकडे आपल्या मापात करून लिहिले होते. एकूण कोलेस्टेरॉल २६७, एचडीएल ३१, ट्रायग्लिसराइड ३५६. खाली कालचे आकडे होते. एकूण २१४, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड ३८८, एलडीएल १००.

काकूंची नजर त्या शंभरावर अडकली.

त्यांच्या लॅबमध्ये एलडीएल मशीनवर मोजत नसत, गणिताने काढत. एकूणमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. पण ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं की हे गणित फसतं, म्हणून तेव्हा ती जागा रिकामी सोडायची. काल तीनशे अठ्ठ्याऐंशी होतं म्हणून थोडक्यात एलडीएल निघालं. मग चार महिन्यांपूर्वी त्याहून कमी, तीनशे छप्पन्न असताना, त्या लॅबने जागा रिकामी का सोडली?

त्या लॅबची मर्यादा साडेचार होती. काकूंच्या लॅबची चारशे. दोन्हीकडे नियम एकच असेल तर साडेचार म्हणजेच चारशे व्हायला हवं. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. साडेचार गुणिले ३८.६७, कोलेस्टेरॉलचं माप बदलताना गुणायचा आकडा. उत्तर आलं एकशे चौऱ्याहत्तर. एकशे चौऱ्याहत्तरला कुठलीही लॅब एलडीएल सोडून देत नाही. मग त्यांनी उलटं केलं, चारशेला साडेचारने भागलं. अठ्ठ्याऐंशी पूर्णांक काहीतरी.

हा आकडा पडद्यावर उमटला आणि काकूंनी तो परत वाचला. कारण हा आकडा त्यांना माहीत होता. शिकत असताना पाठ केला होता. कोलेस्टेरॉलला ३८.६७ आणि ट्रायग्लिसराइडला ८८.५७. पुढे तीस वर्षांत त्याची गरज फार तर पाच वेळा पडली असेल. कार्डावर सिस्टरने सगळ्यालाच ३८.६७ ने गुणलं होतं. कोलेस्टेरॉलचे दोन्ही आकडे बरोबर आले होते, ट्रायग्लिसराइड निम्म्याहूनही खाली आलं होतं.

त्यांनी ९.२ ला ८८.५७ ने गुणलं. आठशे पंधरा. दोनदा करून बघितलं. आठशे पंधरा असताना सीरम दुधासारखं दिसणारच.

काकू बाकासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि वेल्डरला म्हणाल्या, "तुमचं वाढलेलं नाही. आठशे पंधराचं तीनशे अठ्ठ्याऐंशी झालंय. अर्ध्याहून कमी."

वेल्डरला ते पटकन कळलं नाही. बायकोला कळलं, पण विश्वास बसला नाही. तिने फाइल घेतली, कार्डावर बोट ठेवलं आणि विचारलं की मग इथे तीनशे छप्पन्न कुणी लिहिलं. काकू म्हणाल्या की माप बदलताना तिन्ही आकडे एकाच आकड्याने गुणलेत, बाकीचे दोन बरोबर आलेत, हा चुकला. ती म्हणाली, माप बदलायला काय लागतं, इंचाचे सेंटीमीटर करतो तसं गुणायचं. बाकीचे दोन आकडे त्याच गुणाकाराने बरोबर आलेत म्हणता, मग हाच कसा चुकला?

प्रश्न अगदी नेमका होता. काकूंना उत्तर माहीत होतं, पण सोपं करून कधी कुणाला सांगायची वेळ आली नव्हती. शिंप्याच्या बायकोला जे सुचायचं तेच सुचलं.

"इंच-सेंटीमीटरला कॉलर असो नाहीतर कंबर, गुणाकार एकच असतो," त्या म्हणाल्या. "इथे तसं नाही. आमच्याकडे वजन करतात. तिकडे नग मोजतात. माझ्या घरी शर्टाच्या बटणांचा डबा आहे आणि कोटाच्या बटणांचा डबा आहे. शंभर शर्टाची बटणं आणि शंभर कोटाची बटणं, नग सारखेच, पण तराजूत घातली तर कोटाची जड भरतात. कोलेस्टेरॉल म्हणजे शर्टाचं बटण. ट्रायग्लिसराइड म्हणजे कोटाचं. त्याचा एकेक कण दुपटीहून जड असतो. यांच्या रक्तातली कोटाची बटणं सिस्टरने शर्टाच्या वजनाने तोलली."

बायकोने फाइल मिटली. मग नवऱ्याकडे न बघताच तिने विचारलं, "म्हणजे हे पीत नव्हते?"

काकू म्हणाल्या की कोण काय पितं ते ट्रायग्लिसराइडच्या आकड्यावरून शपथेवर सांगता येत नाही. पण तीन महिन्यांत आठशे पंधराचं तीनशे अठ्ठ्याऐंशी करायचं तर नुसत्या गोळीने होणं कठीण. माणसाने काहीतरी सोडलेलं असतं.

वेल्डरने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि खाली बघत बसला. बायको उठली, पाण्याच्या कूलरमधून ग्लास भरून आणला आणि त्याच्यासमोर धरला. माफी वगैरे कुणी मागितली नाही. त्याने अर्धं पाणी प्यायलं आणि ग्लास तिला परत दिला, उरलेलं तिने प्यायलं. काकूंनी हे बघितलं आणि नळ्या नीट लावायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

मग फाइल घेऊन त्या स्वतःच रस्ता ओलांडून दवाखान्यात गेल्या. रस्ता ओलांडताना त्यांना सिस्टरचा राग आलेला होता. एवढं साधं कळू नये, असं त्या मनाशी म्हणत होत्या. सिस्टर चाळिशीची, टापटिपीची, अक्षर मोत्यासारखं. तिचं काम कधी चुकत नाही असा तिचा लौकिक होता. काकूंनी कार्ड तिच्यापुढे ठेवलं आणि विचारलं की बाहेरचे आकडे बदलताना हा गुणाकार तुला कुणी सांगितला.

सिस्टर घाबरली नाही, गोंधळली. तिने औषधांच्या कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला होता, चिकटपट्टी पिवळी पडलेली. त्यावर त्या मोत्याच्या अक्षरात लिहिलं होतं, बाहेरचे कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट गुणिले ३८.६७. आणि खाली, लॅबवाल्या काकूंनी सांगितल्याप्रमाणे.

"तुम्हीच फोनवर सांगितलं होतं," सिस्टर म्हणाली. "दोन वर्षं झाली. मी विचारलं होतं, कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टला कितीने गुणायचं."

काकूंना तो फोन आठवत नव्हता. सकाळची गर्दी असेल, खांदा आणि कान यांच्यात फोन धरून त्या कुणाचं तरी रक्त काढत असतील. पण तो आकडा, आणि तो न विचार करता सांगण्याची पद्धत, त्यांचीच होती. सिस्टरने विचारलं होतं कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टबद्दल. तिच्या आणि सगळ्या जगाच्या बोलण्यात कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट म्हणजे तो अख्खा कागद, चारही आकड्यांचा. काकूंनी ऐकलं होतं फक्त कोलेस्टेरॉल. प्रश्नाला उत्तर बरोबर होतं. दोघींपैकी कुणी चुकीचं बोललं नव्हतं, आणि तरी एका माणसाला घरात चोर ठरवलं गेलं होतं.

काकूंना हात झटकता आले असते. सिस्टरलाही आले असते. काकू तिथल्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी विचारायला हवं होतं, त्या कागदावर आणखी काय काय आहे म्हणून. चूक माझी जास्त आहे." सिस्टर म्हणाली की मलाही बघायला हवं होतं. मग ती म्हणाली की तिला खरं तर एक गोष्ट खटकत आली होती. बाहेरून येणाऱ्या बहुतेक लोकांचं ट्रायग्लिसराइड छान असायचं, पन्नास, साठ. तिकडची हवा चांगली असेल, खाणं शुद्ध असेल, असं वाटायचं. कमी आकड्याबद्दल कोण तक्रार करतं?

हे ऐकून काकू स्टुलावरून उठल्या, कारण त्यातून पुढचं आपोआप येत होतं. वेल्डर एकटा नव्हता.

डॉक्टर दुपारचा शेवटचा पेशंट संपवून बाहेर आले तेव्हा दोघींनी त्यांना सगळं सांगितलं. ते आधी कार्ड बघत राहिले, मग मूळ कागद. मूळ कागद कार्डाखाली तीन महिने पिनने लावलेला होता आणि त्यांनी तो एकदाही उलटून बघितला नव्हता, हे त्यांचं त्यांनीच बोलून दाखवलं. आठशे पंधरा असं दिसलं असतं तर पहिल्याच दिवशी वेल्डरला स्वादुपिंडाला सूज येण्याच्या धोक्याबद्दल सांगितलं असतं, पोटात जोराचं दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठायचं हे बजावलं असतं, आणि तीन महिने न थांबता तीन आठवड्यांनी रक्त तपासलं असतं. ते काही झालं नव्हतं. वेल्डरने दारू सोडली आणि नशिबाने वेळ निभावून नेली, इतकंच.

त्या दिवशी दवाखाना संध्याकाळी उघडायच्या आधी तिघांनी मिळून दोन वर्षांच्या फाइली काढल्या. बाहेरचे रिपोर्ट लावलेल्या फाइली एकूण तेवीस निघाल्या. सिस्टर मूळ आकडा वाचायची, काकू ८८.५७ ने गुणायच्या, डॉक्टर कार्डावर जुना आकडा न खोडता त्याच्या शेजारी नवा लिहायचे आणि सही करायचे. बहुतेकांचं काही बिघडलं नव्हतं. १.४ असलेल्या बाईचं चोपन्नऐवजी एकशे चोवीस झालं, तरीही ते मर्यादेतच होतं. तिघांचं मात्र वेगळं निघालं. एकाचं २.३ होतं, कार्डावर एकोणनव्वद लिहून त्याला तुम्ही ठणठणीत आहात असं सांगितलं होतं, आणि खरा आकडा दोनशे चार होता. असाच आणखी एक. आणि एक निवृत्त शिक्षिका होत्या, ज्या सहा महिने परदेशात मुलीकडे राहून आल्या होत्या. त्यांच्या कागदावर होतं १२.१.

सिस्टरने कार्डावर लिहिलं होतं चारशे अडुसष्ट. काकूंनी गुणाकार केला आणि कॅल्क्युलेटर तसाच डॉक्टरांपुढे सरकवला. एक हजार बहात्तर.

शिक्षिकेला गोळी लिहून दिलेली होती आणि तीन महिन्यांनी बोलावलं होतं, पण त्या आल्याच नव्हत्या. डॉक्टरांनी स्वतः फोन लावला. बाई म्हणाल्या की गोळीने तोंड कडू होतं म्हणून बंद केली. बरं वाटतं, फक्त अधूनमधून पोटाच्या वरच्या भागात दुखतं आणि तहान फार लागते. डॉक्टरांनी उद्या सकाळी उपाशीपोटी या एवढंच सांगितलं, मात्र आज रात्री जोराचं दुखलं तर सकाळची वाट बघू नका हेही दोनदा सांगितलं.

सकाळी काकूंनी त्यांचं रक्त घेतलं. फिरवून झाल्यावर नळी बाहेर काढली, तर खिडकीशी धरायची गरजच नव्हती. वरचा भाग पांढराफटक होता. ट्रायग्लिसराइड अकराशे चाळीस, आणि साखर उपाशीपोटी दोनशे ऐंशी, जी बाईंना आहे हे त्यांनाच माहीत नव्हतं. काकूंनी रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता रस्त्यापलीकडे फोन करून आकडे कळवले, मापासकट. डॉक्टरांनी त्यांना त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये पाठवलं. साखरेचं औषध सुरू झालं, तेल-तूप काही आठवडे जवळजवळ बंद झालं, गोळी नियमित झाली. ज्या दुखण्याची भीती होती ते झालं नाही. दोन महिन्यांनी त्यांचा आकडा तीनशेच्या खाली आला. बाई शिकवायच्या भूगोल, पण पुढे भेटेल त्याला रक्ताचं गणित शिकवायला लागल्या.

राहिलेल्या दोघांनाही बोलावून डॉक्टरांनी खरं काय झालं ते सांगितलं. एकजण चिडला, म्हणाला की दीड वर्ष मी निर्धास्त खात होतो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. काकूही तिथे होत्या, त्यांनी मुद्दाम जाऊन ऐकून घेतलं. बोलणी खायची तर दोघांनी मिळून खावी, असं त्या म्हणाल्या.

कपाटाच्या दारावरचा कागद निघाला आणि दुसरा लागला. त्यावर एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि एलडीएलपुढे ३८.६७ आणि ट्रायग्लिसराइडपुढे वेगळ्या रंगात ८८.५७. खाली, साखर असेल तर अठरा, तिचं गणित आणखी निराळं. मिलिमोलवरून मिलिग्रॅमला जाताना गुणायचं, उलट जाताना भागायचं. आणि सगळ्यात वर डॉक्टरांनी स्वतः लिहिलं की मूळ आकडा आणि त्याचं माप लिहिल्याशिवाय कार्डावर बदललेला आकडा लिहायचा नाही. खाली 'यांनी सांगितल्याप्रमाणे' असं कुणाचं नाव मात्र काकूंनी घालू दिलं नाही. कागदाला माणसाचं नाव चिकटलं की लोक कागद तपासत नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं.

फाइली काढल्या त्या रात्री जेवताना काकूंनी नवऱ्याला सगळं सांगितलं, फोनचा भाग जास्तच सविस्तर. शिंपी म्हणाला की तू चूक कबूल केलीस हे बरं झालं. मग भात कालवता कालवता म्हणाला की एकदा त्याने एका नवरदेवाचा कोट दुसऱ्याच नवरदेवाच्या मापाने शिवला होता आणि दोघांनीही तो छान बसतो म्हणून नेला होता. हे पस्तीस वर्षं त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. काकूंना हसू आवरेना. मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोटामुळे नव्हतं हे दोघांनाही कळलं. शिंप्याने ताटातली भाजी त्यांच्याकडे सरकवली आणि विषय बदलला.

काकूंच्या स्वभावात त्यानंतर फार मोठा फरक पडला असं नाही. काय खाल्लंय हे त्या अजूनही तसंच विचारतात. पण कुणी म्हणालं की मशीन चुकलंय, तर आता त्या आधीचा रिपोर्ट मागतात, आणि आकड्याच्या आधी त्याच्या पुढे लिहिलेलं माप वाचतात. दहातल्या नऊ वेळा मशीन बरोबर असतं आणि माणसाने लाडू खाल्लेला असतो. दहाव्या वेळेसाठी त्या ती पाच मिनिटं घालवतात.

वेल्डर तीन महिन्यांनी परत आला तेव्हा बायको बरोबर नव्हती. तिला आता यायची गरज वाटत नाही, असं तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. ट्रायग्लिसराइड दोनशे दहा आलं. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली. वेल्डरला गावातच एका फाटकं-गेटं बनवणाऱ्याकडे काम मिळालं होतं. लॅबच्या जिन्याचा कठडा हलतो हे त्याच्या येताजाता लक्षात आलं होतं. एका रविवारी तो आपलं वेल्डिंगचं मशीन घेऊन आला, कठड्याचे चार सांधे पक्के केले, काकू काही विचारायच्या आत सामान गोळा केलं आणि निघून गेला.